वायफायचा क्यूआर कोड म्हणजे नुसती एक ओळ

आमच्याकडे राउटर बसवायला आलेल्या मुलाने जाताना पासवर्ड म्हणून बाबांचा मोबाइल नंबर टाकला होता. बऱ्याच घरी असंच असतं. लक्षात राहतो, विचारलं की सांगता येतो. पण गौरी-गणपतीला घरात एका वेळी बारा-चौदा माणसं जमली की दर पंधरा मिनिटांनी आतल्या खोलीतून ‘वायफायचा पासवर्ड काय रे?’ अशी हाक येते आणि बाबा आपला नंबर पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतात. दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं की क्यूआर कोडचं छानसं कार्ड छापायचं आणि हॉलमध्ये ठेवून द्यायचं.

कार्ड छापलं. दिसायला सुरेख होतं. चालत मात्र नव्हतं. त्या फसलेल्या कार्डामुळे मला हा प्रकार आतून कळला, म्हणून तिथूनच सांगतो.

चौकोनी कोड पाहिला की वाटतं, यात काहीतरी गुप्त भरलंय, किंवा हा कुठल्यातरी सर्व्हरशी बोलून दार उघडून देतो. तसं काही नसतं. क्यूआर कोड ही काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत लिहिलेली साधी मजकुराची ओळ असते. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली ही पद्धत तयार केली, ती गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद पटापट व्हावी म्हणून. त्या ओळीचं पुढे काय करायचं हे वाचणारं अॅप ठरवतं. ओळ `upi://` ने सुरू झाली तर पैसे पाठवायचं पान उघडतं, `https://` ने सुरू झाली तर वेबसाइट. आणि `WIFI:` ने सुरू झाली तर फोन समजतो की नेटवर्कला जोडायचंय.

म्हणून वायफायचा कोड पैसे पाठवायच्या अॅपमधून वाचला तर ‘हा क्यूआर चालत नाही’ असंच उत्तर येतं. आमच्या काकूंनी नेमकं तेच केलं. भाजीवाल्यापासून रिक्षापर्यंत सगळीकडे ज्या अॅपने कोड वाचायची सवय, तेच त्यांनी उघडलं. चूक त्यांची नव्हती. कार्डावर ‘स्कॅन करा’ एवढंच लिहिलं होतं, ‘फोनचा कॅमेरा उघडून स्कॅन करा’ असं लिहायला हवं होतं.

वायफायची ती ओळ अशी दिसते:

```
WIFI:T:WPA;S:Pahune_402;P:mogra-tapele-satara-47;;
```

`T` म्हणजे सुरक्षेचा प्रकार. घरातल्या बहुतेक राउटरवर डब्ल्यूपीए-२ असतं, त्याला इथे नुसतं `WPA` लिहितात. `S` पुढे नेटवर्कचं नाव आणि `P` पुढे पासवर्ड. प्रत्येक भाग अर्धविरामाने संपतो, आणि शेवटी आणखी एक अर्धविराम म्हणजे ‘झालं, इथे ओळ संपली’. ही मांडणी ZXing या मुक्त प्रकल्पातून रूढ झाली. आयफोनचा कॅमेरा ती २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून वाचतो. अँड्रॉइडमध्ये १० व्या आवृत्तीपासून, २०१९ मध्ये, वायफायच्या सेटिंगमध्येच असा कोड दाखवायची आणि वाचायची सोय आली.

आता माझं कार्ड का फसलं ते. गणपतीचे दिवस म्हणून मी हौसेने पासवर्ड ठेवला होता `Modak;21:Durva`. मोदक एकवीस, दूर्वाही एकवीस. ओळ हातानेच लिहिली आणि कोड बनवला. पण फोन ती वाचताना `P:` पासून पहिल्या अर्धविरामापर्यंतच पासवर्ड धरतो. म्हणजे त्याच्या हाती आलं फक्त `Modak`. पुढचं `21:Durva` त्याला ओळखीचं वाटलं नाही, त्याने सोडून दिलं. वायफायचा पासवर्ड किमान आठ अक्षरांचा असावा लागतो, हा तर पाचच अक्षरांचा. पाहुण्यांच्या फोनवर नेटवर्कचं नाव अगदी बरोबर यायचं, ‘जोडायचं का?’ असं विचारलंही जायचं, आणि मग काहीच व्हायचं नाही.

नाव बरोबर येतंय पण जोडलं जात नाही, ही या दुखण्याची खूण. पाच चिन्हांशी ही भानगड होते: अर्धविराम, स्वल्पविराम, विसर्गासारखे दोन ठिपके, दुहेरी अवतरणचिन्ह आणि उलटी तिरपी रेघ. ती नावात किंवा पासवर्डात असतील तर प्रत्येकाच्या आधी एक उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. म्हणजे माझा पासवर्ड असा लिहायला हवा होता:

```
P:Modak\;21\:Durva;
```

एखाद्या कोड बनवणाऱ्या अॅपमध्ये नाव आणि पासवर्ड वेगवेगळ्या चौकटीत भरले तर चांगलं अॅप हे आपोआप करतं. सगळीच अॅप चांगली नसतात. माझं मत विचाराल तर ही चिन्हं पासवर्डात घेऊच नका. एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द आणि एखादा आकडा, सगळी लहान अक्षरं, मध्ये छोटी आडवी रेघ. मोगरा, तपेलं, सातारा आणि सत्तेचाळीस. बावीस अक्षरांचा पासवर्ड होतो, ओळखायला अवघड, आणि टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर निवडत टाकायची वेळ आली तरी जीव जात नाही. (वर छापलेला मात्र वापरू नका, तो आता जगजाहीर झाला.)

पण मग मला छापायच्या आधीच हे का कळलं नाही? मी तर कोड स्कॅन करून पाहिला होता, आणि माझा फोन लगेच ‘कनेक्टेड’ म्हणाला होता! कारण माझ्या फोनला ते नेटवर्क आधीपासून माहीत होतं आणि खरा पासवर्ड त्याच्या पोटात होता. कार्डावर काहीही छापलं असतं तरी तो जोडलाच गेला असता. तपासायचं असेल तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कवर जाऊन आधी `Forget` करायचं आणि मग स्कॅन करायचं. त्याहून बरं, शेजारच्यांचा फोन मागून घ्या, ज्याने आपलं वायफाय कधीच पाहिलेलं नाही.

घरचं वायफाय की पाहुण्यांचं?

ओळ साधी असते याचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा आहे. कोडमधला पासवर्ड कुलूपबंद नसतो. ज्याने त्या कार्डाचा फोटो काढला, त्याच्याकडे पासवर्ड गेला. घरच्या व्हिडिओ कॉलमध्ये मागे ते कार्ड स्पष्ट दिसत असेल किंवा गणपतीच्या आरासीच्या फोटोत कोपऱ्यात आलं असेल, तरी गेला. शिवाय एकदा जोडलेला अँड्रॉइड फोन स्वतःच्या सेटिंगमधून तोच कोड पुढच्याला दाखवू शकतो. आपण चुलतभावाला दिलेला पासवर्ड त्याच्या मित्राच्या मित्राकडे जायला वेळ लागत नाही.

म्हणून कार्डावर घरचं मुख्य नेटवर्क कधीच छापू नये. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क चालू करायची सोय असते, तिथे `Guest Network` असं लिहिलेलं सापडतं. राउटरचं पान उघडायला ब्राउझरमध्ये बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` टाकावं लागतं. नेमका पत्ता राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतो, आणि त्या पानावर शिरायचा पासवर्डही तिथेच. तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, लोक यात हमखास गोंधळतात.

पाहुण्यांच्या नेटवर्कवरच्या फोनला इंटरनेट मिळतं, पण घरातला लॅपटॉप, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा दिसत नाही. निदान दिसू नये. सेटिंगमध्ये ‘पाहुण्यांना घरातली उपकरणं दिसू द्यावीत का’ अशा अर्थाचा एक पर्याय असतो, तो बंद असल्याची खात्री करा. पाहुण्यांच्या नेटवर्कला जोडलेल्या फोनवरून राउटरचा तो पत्ता उघडून बघा. लॉगिनचं पान समोर आलं तर वेगळेपणा धडपणे चालू नाही असं समजायला हरकत नाही. याची एक गैरसोय होते. पाहुण्याला लग्नाचे फोटो आपल्या फोनवरून थेट टीव्हीवर दाखवायचे असतील तर टीव्ही त्याला सापडणार नाही, कारण टीव्ही घरच्या नेटवर्कवर आहे. त्या दोन तासांपुरता टीव्हीच पाहुण्यांच्या नेटवर्कला जोडून द्यावा. कार्डावर मुख्य पासवर्ड छापण्यापेक्षा ते परवडतं.

नाव मराठीत ठेवायचा मोह होतो. ठेवता येतं, पण जागा फार कमी. नेटवर्कच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसतं, देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षराला, प्रत्येक काना-मात्रेला आणि अनुस्वारालासुद्धा तीन-तीन बाइट लागतात. ‘पाहुणे’ हे १८ बाइटमध्ये बसतं. ‘पाहुण्यांसाठी’ मोजलं तर ३९ भरतात, म्हणजे बसत नाही. पासवर्डात तर देवनागरी चालतच नाही. तिथे आठ ते त्रेसष्ट साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं. मी नावही इंग्रजी लिपीतच ठेवलं, कारण जुन्या फोनवर मराठी नावाच्या जागी कधीकधी नुसत्या चौकटी दिसतात.

कोड बनवणं

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे आपलाच फोन. फोन पाहुण्यांच्या नेटवर्कला जोडा, सेटिंगमध्ये त्या नेटवर्कवर जा आणि `Share` दाबा. फोन पिन किंवा बोटाचा ठसा मागेल आणि कोड दाखवेल. त्याचा स्क्रीनशॉट घेतला की काम झालं. आयफोनवर आयओएस १८ पासून `Passwords` या अॅपमध्ये वायफायच्या विभागात असा कोड मिळतो. यात चिन्हांची भानगड फोन स्वतःच सांभाळतो.

इंटरनेटवर फुकट कोड बनवून देणारी पानं ढीगभर आहेत. त्यांच्याकडे न गेलेलं बरं. एक तर आपण आपल्या घराचा पासवर्ड अनोळखी पानावर टाइप करतो. दुसरं म्हणजे काही ठिकाणी ‘डायनॅमिक’ कोड देतात, त्यात आपली ओळ नसतेच, त्यांच्या साइटचा पत्ता असतो. फुकटची मुदत संपली की कोड मेला, आणि कार्ड छापून झालेलं असतं. शिवाय असा कोड उघडायला आधी इंटरनेट लागतं, जे मिळवण्यासाठीच पाहुणा स्कॅन करतोय. नीट बनवलेल्या वायफाय कोडला मुदत नसते आणि वाचायला इंटरनेटही लागत नाही.

छपाईसाठी अगदी काटेकोर फाइल हवी असेल आणि लिनक्स किंवा मॅक हाताशी असेल तर `qrencode` ही छोटी आज्ञावली टाकून घ्या:

```
qrencode -t SVG -l M -m 4 -o wifi.svg 'WIFI:T:WPA;S:Pahune_402;P:mogra-tapele-satara-47;;'
```

एसव्हीजी फाइल कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत. ओळीभोवतीची एकेरी अवतरणचिन्हं विसरू नका, नाहीतर पहिल्या अर्धविरामालाच संगणक आज्ञा संपली असं समजतो.

यातल्या `-l M` कडे जरा थांबून पाहू. क्यूआर कोडमध्ये मजकुराबरोबर थोडा राखीव मजकूरही भरलेला असतो, म्हणजे कोडचा एखादा भाग पुसला, डागाळला तरी उरलेल्यातून तो भरून काढता येतो. याच्या चार पातळ्या असतात: एल, एम, क्यू आणि एच. एल साधारण ७ टक्के नुकसान सोसते, एम १५, क्यू २५ आणि एच ३०. ऐकून वाटतं, मग एचच घ्यावी. पण राखीव मजकूर वाढला की ठिपके वाढतात. आपली ओळ बरोबर ५० अक्षरांची आहे. एम पातळीला तिचा कोड ३३ बाय ३३ चौकोनांचा होतो, एचला ४१ बाय ४१ चा. तेवढ्याच जागेत जास्त चौकोन म्हणजे प्रत्येक चौकोन लहान, आणि जुन्या फोनच्या कॅमेऱ्याला वाचायला अवघड. घरातल्या कार्डाला एम भरपूर झाली. एच लागते ती मध्ये गणपतीचं चित्र किंवा आडनावाचं अक्षर बसवायचं असेल तेव्हा, कारण ते चित्र कोडच्या दृष्टीने डागच असतो. मी चित्र कोडवर न छापता त्याच्या वरच्या कोऱ्या जागेत छापलं. शोभा तीच, जोखीम नाही.

`-m 4` म्हणजे चारही बाजूंना चार चौकोनांएवढी कोरी पांढरी पट्टी. ही शोभेसाठी नाही. कॅमेऱ्याला कोड कुठे सुरू होतो हे त्या पट्टीवरूनच कळतं. डिझाइन करणारे ती हमखास कापतात आणि कोडला वेलबुट्टीची किनार चिकटवतात. आपल्या कोडचा हिशेब सोपा आहे: ३३ चौकोन आणि दोन्हीकडचे चार-चार मिळून ४१. पट्टीसकट कोड ४१ मिलिमीटरचा छापला तर प्रत्येक चौकोन बरोबर एक मिलिमीटरचा. ढोबळ नियम असा की कोडच्या रुंदीच्या दहापट अंतरावरून तो वाचता यावा. ३३ मिलिमीटरचा कोड म्हणजे फूटभरावरून, टीपॉयवरच्या कार्डाला तेवढं पुरतं. भिंतीवर लावायचा असेल आणि सोफ्यावरून उठायचं नसेल तर दुप्पट-तिप्पट करा.

झेरॉक्सच्या दुकानात

ए-४ कागदाचे चार भाग केले की होतो तो ए-६ आकार मला कार्डासाठी बरोबर वाटला. वर ‘या, बसा. वायफाय हे घ्या’, मध्ये कोड, त्याखाली ‘फोनचा कॅमेरा उघडून इकडे धरा’ आणि सगळ्यात खाली नाव आणि पासवर्ड साध्या अक्षरांत. साधी अक्षरं हवीतच. लॅपटॉपवाल्यांना आणि ज्यांचा कॅमेरा असे कोड ओळखत नाही त्यांना टाइपच करावं लागतं.

इथे माझी दुसऱ्यांदा फजिती झाली. दुकानातल्या संगणकावर मराठी मजकुरासाठी जुन्या पद्धतीचा, युनिकोड नसलेला फॉन्ट होता. अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागीच देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. त्याने सगळा मजकूर निवडून एकच फॉन्ट लावला आणि `mogra` च्या जागी कुठल्याही भाषेत न बसणारी अक्षरं उमटली. ते दुरुस्त केलं तर नंतर युनिकोड फॉन्टमध्ये त्याने आपुलकीने `47` चं ‘४७’ करून टाकलं. दिसायला छान, पण पाहुण्याने तसंच टाइप केलं तर पासवर्ड चुकणार. तेव्हा पासवर्डाच्या ओळीला वेगळा, इंग्रजी फॉन्ट द्यायला सांगा, आणि असा निवडा की शून्य व ओ, एक व लहान एल वेगळे ओळखू येतील. दोन आडव्या रेघा लागून आल्या तर टाइपसेटिंगमध्ये त्यांची एक लांब रेघ होते, तेही बघा.

बाकी दुकानातल्या गोष्टी थोडक्यात. फाइल पेन ड्राइव्हवर न्या, व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि छपाई झाल्यावर त्यांच्या संगणकावरून ती काढून टाकायला सांगा. कोड ओढून लांबट करू देऊ नका. काळा कोड पांढऱ्यावरच असू द्या. मरून पार्श्वभूमीवर सोनेरी कोड पत्रिकेसारखा दिसतो, पण ठिपके उजळ आणि मागचं गडद असा उलटा कोड बऱ्याच फोनना वाचताच येत नाही. कागद ३०० जीएसएमचा घेतला तर कार्ड उभं राहतं. लॅमिनेशन मॅट करा. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी पडते आणि नेमकी कोडवर येते. मग पाहुणा कार्ड हातात घेऊन खिडकीपाशी तिरपं-सरळ करत बसतो.

आणि लॅमिनेशनच्या आधी, हे अगदी महत्त्वाचं, एक प्रत साध्या कागदावर काढा. घरी आणून जिथे ठेवायची तिथे ठेवा आणि संध्याकाळच्या उजेडात, घरातल्या सगळ्यात जुन्या फोनने, आधी नेटवर्क विसरायला लावून, स्कॅन करा. जोडलं गेल्यावर मोबाइल डेटा बंद करून एखादं पान उघडून बघा, कारण ‘कनेक्टेड’ दिसतं आणि इंटरनेट डेटावरून चालू असतं, असंही होतं.

पासवर्ड बदलला की कार्ड रद्दी. मी विसर्जनानंतर दरवर्षी बदलतो. हल्ली लॅमिनेशन करतच नाही, ॲक्रिलिकच्या छोट्या स्टँडमध्ये कागद सरकवतो. दरवर्षी तेवढाच एक कागद नवा लागतो. यंदा काकूंनी आल्या आल्या कॅमेराच उघडला. गेल्या वर्षीचा पासवर्ड फोनमध्ये राहिल्यामुळे तो आधी आपणहून जोडायला जाऊन अडकला होता, एवढंच. `Forget` केलं, पुन्हा स्कॅन केला, आणि त्या आरतीचा व्हिडिओ पाठवायला बसल्या.